मानाजीरावांची कॉफीची गोळी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात सकाळी नाकाला वाट विचारत गेलं, तरी माणूस शेट्टींच्या कॉफी पुडीच्या दुकानी पोचतो. त्या दुकानात मानाजीराव शिंदे बिया भाजून घेत, दळून घेत आणि चाखत. चाखणं हे त्यांचं खरं काम. कूर्गाकडची बी कितपत, चिक्कमगळूरची कितपत, चिकोरीच्या मुळाची पूड घालायची की नाही, आणि घातली तर गिऱ्हाइकाला कळेल इतकी की न कळेल इतकी, हे सगळं त्यांच्या जिभेवर ठरायचं. मालक बदलले, यंत्रं बदलली, पण जीभ तीच राहिली.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत घोड्यावर होते, असं घरात सांगतात. मानाजीराव घोड्यावर कधी बसले नाहीत. हिनकलच्या घरून शहर बसमध्ये मात्र ते अशा ताठ्याने बसत, की शेजारचा माणूस आपोआप सरकून घेई. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. आपल्या कामाविषयी त्यांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. कोणी पाकिटातली तयार पूड वापरतो म्हणाला, तर ते त्या माणसाची प्रकृती विचारत.

चाखायची त्यांची एक रीत होती. सकाळी दुकान उघडलं की उपाशीपोटी, बिनदुधाचा, बिनसाखरेचा काढा, तीन-चार प्रकारचा, एकामागून एक. मोठ्या कंपन्यांतले चाखणारे म्हणे तोंडात घोळवून थुंकून टाकतात. मानाजीरावांना ते ऐकूनच शिसारी यायची. कॉफी गिळायची असते, थुंकायची नसते, हा त्यांचा धर्म. आणि तो धर्म पाळायचा तर पोटात आग पडते, म्हणून काढ्याआधी ते एक गुलाबी कॅप्सूल पाण्यासोबत घेत. फार वर्षांपूर्वी शेजारच्या औषधवाल्याने सुचवलेली. तिची पट्टी दुकानातच असायची, चाखायच्या चमच्याशेजारी. ते तिला ‘कॉफीची गोळी’ म्हणत. लोहार हातमोजे घालतो तशी ती त्यांना कामाची वस्तू वाटे. तिला औषध म्हणायचं त्यांच्या कधी मनातही आलं नाही, आणि या गोष्टीतला सगळा घोटाळा तिथेच आहे.

उगादीचा पाडवा झाला आणि आठवडाभरात त्यांना काळं, डांबरासारखं शौचाला झालं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात भट्टीपाशी चक्कर येऊन ते खाली बसले, तेव्हा ते सांगावं लागलं. इस्पितळात तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तर जठराच्या पुढे, आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण, आणि त्यातून रक्त वाहिलेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीण मृदुला म्हणून होत्या, पोटाच्या तज्ज्ञ, वयाने मानाजीरावांच्या मुलीएवढ्या. त्यांनी सांगितलं, की असा व्रण बहुतेक दोन कारणांनी होतो, एक तर दुखण्याच्या गोळ्या, नाही तर पोटातला एक जंतू. दुखण्याच्या गोळ्या मानाजीराव घेत नसत. जंतू आहे का ते रक्त वाहत असताना नीट कळत नाही, तेव्हा आधी व्रण भरू दे, मग शौचाची तपासणी करू, असं ठरलं.

व्रण भरायला पिवळी गोळी दिली. घरी शकुंतलाबाईंनी तिचा ताबा घेतला. या बाईंच्या हाती एखादी गोष्ट गेली की ती घड्याळाप्रमाणे चालते; मानाजीरावांनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच हे ओळखलं होतं आणि पुढे कधी वाद घातला नाही. महिनाभर विश्रांती घेऊन ते दुकानात परत गेले. घरी पिवळी गोळी, दुकानात सवयीने गुलाबी. दोन महिने झाले, तेव्हा मृदुला डॉक्टरांनी पिवळ्या गोळीची पट्टी हातात धरून सांगितलं, “ही आता बंद. दोन आठवडे अजिबात घ्यायची नाही. मग शौचाचा नमुना द्या. ही चालू असली तर जंतू दबून बसतो आणि तपासणीत सापडत नाही.”

“नक्की बंद,” शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि पट्टी पर्समध्ये टाकली.

दोन आठवडे पिवळी गोळी घरात फिरकली नाही. दुकानात गुलाबी मात्र रोज सकाळी काढ्याआधी पोटात जात होती. मानाजीराव काही लपवत नव्हते. डॉक्टरीण बाईंनी पिवळी बंद करायला सांगितली, ती बंद होती. कामाच्या वस्तूविषयी कोणी काही विचारलंच नव्हतं.

नमुन्याचा निकाल आला: जंतू नाही.

मृदुला डॉक्टरांचं समाधान झालं नाही. त्यांनी विचारलं, “आम्लाचं दुसरं काही घेत नाही ना? कुठलीही गॅसची गोळी?” उत्तर शकुंतलाबाईंनी दिलं, कारण मानाजीराव नेहमीप्रमाणे बाहेर बाकावर होते आणि अशा प्रश्नांची उत्तरं त्याच देत. “अय्यो, घरात एक मात्रे, एक गोळी नाही हो. मी सगळं काढून टाकलीय.” आणि ते अक्षरशः खरं होतं. डॉक्टर म्हणाल्या, “रक्त वाहिलेल्या माणसात एका ‘नाही’वर मी विसंबत नाही. श्वासाचीही तपासणी करून घ्या. तोवर ती गोळी सुरू करू नका. आणि तोवर उपाशीपोटी कडक कॉफीही नको.”

यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी पोचलं. बाकीचं वाटेत गळालं. निकाल स्वच्छ आलेला असताना पुन्हा कशाला तपासायचं, असं घरात सगळ्यांना वाटलं, आणि त्यात काही नवल नाही. ‘नाही’ हा शब्द कागदावर आला की माणूस पेढे आणायला निघतो. जंतू नाही, दुखण्याची गोळी नाही, मग उरलं काय? शकुंतलाबाईंना विचारायची गरजच नव्हती.

“कॉफीच आहे ती,” त्या म्हणाल्या. “मी किती वर्षं सांगतेय, त्या कषायाने होट्टे, पोट जाळून घेतलंय तुम्ही. आता बस्स.”

“डॉक्टर तसं कुठं म्हणाली?”

“म्हणाली की. उपाशीपोटी नको म्हणाली, अल्वा, नाही का? मग तुमचं काम उपाशीपोटीच आहे.”

मानाजीरावांना खरोखर भीती बसली होती. रक्ताच्या दोन बाटल्या लटकलेल्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ते दुकानात गेले आणि शरतला, म्हणजे आताच्या तरुण मालकाला, सांगितलं की आता मला जमणार नाही. शरत चांगला मुलगा. लहानपणी मानाजीरावांच्या मांडीवर बसून बिया मोजायचा. तो कन्नडमध्ये म्हणाला, “मानाजण्णा, तुमची तब्येत आधी. मी काहीतरी बघतो.” काहीतरी म्हणजे काय ते मानाजीरावांना कळलं. प्रमाण ठरवून टाकायचं, काट्यावर मोजायचं, चाखायचं नाही. दसऱ्यापासून नवी पाकिटं काढायची, असंही तो म्हणाला. मानाजीराव शांतपणे ऐकून घेऊन बाहेर पडले आणि बसथांब्यावर उभं असताना त्यांना रडू आलं. बस आली तशी त्यांनी डोळे पुसले.

घरी बसलेला मानाजीराव ही पाहण्यासारखी गोष्ट नव्हती. ते नाचणीची आंबिल पीत आणि पेल्यात असं पाहत, की शकुंतलाबाईंना स्वतःचा राग येई. भाजीवाल्याशी भांडण, पेपरवाल्याशी भांडण, नळाशी भांडण. शेजाऱ्यांकडे सकाळी कॉफी उकळली की खिडकी लावून घ्यायचे आणि मग थोड्या वेळाने उघडायचे. कॉफीचा थेंब मात्र तोंडात घालत नव्हते. शब्द दिला होता.

आणि तरीही, दुकान सोडून दोन-अडीच आठवडे झाले नाहीत तोच, पोट जळायला लागलं. आधी थोडं, मग जेवणाच्या आधी रोज, बरगड्यांच्या खाली बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी.

शकुंतलाबाई घाबरल्या आणि पर्समधली पिवळी पट्टी काढून घेऊन आल्या. “घ्या, आधी हे घ्या.”

मानाजीरावांनी पट्टी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. ते विचार करत होते, आणि तो विचार डॉक्टराचा नव्हता, चाखणाऱ्याचा होता. एखाद्या दिवशी काढा बिघडला की चाखणारा सगळं एकदम बदलत नाही. बी तीच ठेवतो आणि भाजणं बदलतो. भाजणं तेच ठेवतो आणि दळणं बदलतो. एका वेळी एकच. नाहीतर दोष कोणाचा ते जन्मात कळत नाही.

“शकुंतला,” ते म्हणाले, “कॉफी सोडलो ना मी?”

“सोडला की.”

“मग आता जळतंय कसं? कॉफी पीत होतो तेव्हा असं जळत नव्हतं. सोडलो आणि जळतंय. उलटं झालंय हे.”

“उरलेली असेल आत.”

“चहाचं पातेलं आहे काय ते, उरायला? नाही. मी एक सोडलो असं आपण धरलंय. पण दोन सोडलोय. दुकानातली मात्रे पण सोडली.”

“कुठली मात्रे?”

मग त्यांनी सांगितलं. कॉफीची गोळी, गुलाबी, चमच्याशेजारची. रोज. ऐन त्या दोन आठवड्यांतही. शकुंतलाबाई ऐकता ऐकता खाली बसल्या. त्यांना राग आला होता हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धसका. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर ठासून सांगितलं होतं, की एक गोळी नाही. आणि त्यांच्याच शब्दावर नवऱ्याचं काम सुटलं होतं.

“मला सांगायला काय झालं होतं?” त्या म्हणाल्या.

“मला ते औषध वाटलंच नाही,” मानाजीराव म्हणाले. “आता वाटतंय.”

पिवळी गोळी त्यांनी परत दिली. दुखत होतं तरी घेतली नाही. त्याच दुपारी दोघं मृदुला डॉक्टरांकडे गेले. आतापर्यंत बाहेर बाकावर बसून राहायची सवय असलेल्या मानाजीरावांनी या वेळी बायकोला बोलू दिलं नाही. गुलाबी कॅप्सूल कधीपासून, केव्हा, किती, शेवटची कधी, सगळं स्वतः सांगितलं. औषधवाल्याकडून त्याच गोळीची पट्टी आणली होती, तीही टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पट्टी उलटून नाव वाचलं आणि मान हलवली. “रंग वेगळा, नाव वेगळं. काम तेच, काका. पोटातलं आम्ल थांबवायचं. आम्ल कमी झालं की हा जंतू मरत नाही, पण रोडावतो, संख्येने कमी होतो, काम थंड करतो. मग शौचात त्याच्या खुणा इतक्या कमी उतरतात की तपासणीला दिसत नाहीत. श्वासाचीही तीच गत. आम्ही म्हणतो ‘नाही’, आणि तो आत बसलेला असतो.” मग त्या म्हणाल्या, “मी ती पिवळी पट्टी दाखवून ‘ही बंद’ म्हटलं, ते माझं चुकलं. ‘अशा सगळ्या बंद’ म्हणायला हवं होतं.”

“मग आता परत दोन आठवडे थांबायचं?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“शेवटची घेऊन किती दिवस झाले?” डॉक्टरांनी बोटांवर दिवस मोजले आणि हसल्या. “दोन आठवड्यांच्या वरच झालेत. काम सोडलं त्या दिवसापासून तुम्ही तपासणीचीच तयारी करत होता, नकळत. या काळात कुठली अँटिबायोटिक घेतली नाही ना? मग उद्या सकाळी उपाशीपोटी या. आज फार दुखलं तरी ही गोळी नको. काळं झालं किंवा चक्कर आली, तर मात्र तपासणी राहू दे, सरळ इस्पितळात या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पिशवीत फुंकायला सांगितलं. मग पाण्यात विरघळवलेलं एक औषध प्यायला दिलं. जंतू असला तर तो त्या औषधातला युरिया फोडतो, आणि त्यातून निघालेला खुणेचा वायू रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून श्वासात येतो. दोन्ही फुंकरांमधला फरक यंत्र मोजतं. मानाजीरावांनी पेला सवयीने आधी नाकाशी नेला, मग एक घोट जिभेवर थांबवला. “लिंबू घातलंय,” ते म्हणाले, “पण मनापासून नाही.” अर्धा तास खुर्चीत बसून त्यांनी दुसऱ्या पिशवीत फुंकर घातली. एवढ्या ताकदीने, की तपासणीवाली म्हणाली, पुरे, पिशवी फुटेल.

निकाल आला: जंतू आहे. आणि चांगला भरपूर.

आजार निघाला म्हणून इतका आनंद झालेला माणूस त्या दवाखान्याने पाहिला नसेल. मानाजीरावांनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. “म्हणजे कॉफी नाही?”

“व्रण कॉफीने झालेला नाही. या जंतूने झालाय. हा बहुतेक लहानपणीच घरातून लागतो. तुमच्या घरात आधी कोणाला पोटाचा त्रास होता?”

मानाजीराव म्हणाले, “आमच्या अप्पांना.” त्यांचे वडील संताजीराव त्याच दुकानात, त्याच भट्टीपाशी चाखणारे होते. त्यांनाही रक्त पडलं होतं. तेव्हा दुर्बीण नव्हती, श्वासाची पिशवी नव्हती. वैद्य म्हणाले, कॉफीने खाल्लं, आणि घराने मान डोलावली. शेवटची वर्षं अप्पा व्हरांड्यात बसून असायचे, आणि दुकानातून आलेल्या मुलाला जवळ बोलावून त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायचे. “त्यांची कॉफी उगीच सोडवली मग,” मानाजीराव म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या की त्या काळी हे कोणालाच माहीत नव्हतं. ते खरं होतं, आणि त्याने काही हलकं वाटलं नाही.

मग दोन आठवडे औषधं, रोज मूठभर. त्यात जंतू मारायची होती आणि आम्ल थांबवायचीही. हीच गोळी तपासणीच्या आड येते आणि उपचारात हवी असते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा मानाजीराव म्हणाले, चिकोरीचंही तसंच आहे, कुठं घालायची ते कळलं पाहिजे. पण तिसऱ्या दिवशीच त्यांचं तोंड कडू झालं. पितळेचा चमचा चोखत बसल्यासारखी चव, भाताला तीच, साराला तीच, पाण्यालाही तीच. जंतू गेला आणि जीभही गेली तर? हे त्यांनी शकुंतलाबाईंना विचारलं नाही, पण त्या ओळखून होत्या. रोज संध्याकाळी त्या मुद्दाम मीठ थोडं चुकवत आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत. औषधं संपल्यावर चार-पाच दिवसांनी ते म्हणाले, “साराला मीठ कमी आहे,” आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसल्या.

जंतू खरंच गेला का, ते लगेच तपासता येत नाही. जंतू मारायची औषधं संपून चार आठवडे जावे लागतात, आणि त्यातले शेवटचे दोन आम्लाच्या गोळीशिवाय. दसरा जवळ येत होता. शरत हिनकलला घरी आला. ठरवून ठेवलेल्या प्रमाणाची पूड दोन जुन्या हॉटेलांनी परत केली होती. तो म्हणाला, “मानाजण्णा, तुम्ही नुसते या. एक गोळी घ्या, जरा चाखा. एवढंच. अष्टे.”

मानाजीरावांना जायचं होतं. इतकं, की त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. “नाही,” ते म्हणाले. “गोळी घेतली की कागदावर परत ‘नाही’ येईल. तो ‘नाही’ खरा की गोळीचा, ते कोणाला कळणार? मी एकदा खोट्या ‘नाही’वर काम सोडलोय. खोट्या ‘नाही’वर परत येणार नाही. तुला माणूस हवा असेल तर बघ.”

शरत नमस्कार करून गेला, आणि तो दुसरा माणूस बघेल की थांबेल, हे मानाजीरावांना ठाऊक नव्हतं. त्या दोन आठवड्यांत पोट कधीकधी कुरकुरलं. शकुंतलाबाईंनी गोळीची पट्टी शेजारणीकडे नेऊन ठेवली. तपासणीच्या सकाळी, काही घेतलंय का, असं विचारल्यावर मानाजीरावांनी जिऱ्याचं पाणी, खोकल्याची खडीसाखर आणि देवळातलं तीर्थ धरून सगळं सांगितलं. तपासणीवाली हसली आणि तिने पिशवी पुढे केली.

या वेळचा ‘नाही’ मृदुला डॉक्टरांनी स्वतः वाचून दाखवला. “हा मी मानते,” त्या म्हणाल्या. “आता दोन इडल्या खाऊन मग चाखा, एवढं माझं ऐका.” ते त्यांनी ऐकलं. चाखायच्या रीतीत त्यांनी आयुष्यात केलेला हा एकमेव बदल.

शरत थांबला होता. दुसऱ्या सकाळी दुकानात चार पेले मांडलेले होते आणि दोन हॉटेलवाले उभे होते. मानाजीरावांनी पहिला काढा उचलला, वास घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. मग पेला खाली ठेवून ते गप्प उभे राहिले. शरतला वाटलं, काही बिनसलं. पण ते वाट पाहत होते. जन्मभर प्रत्येक घोटामागून बरगडीखाली एक चटका यायचा. गोळीने तो मंद व्हायचा, पण यायचाच. तो आला की ते म्हणत, हां, कडक आहे. तो कॉफीचाच एक भाग आहे असं ते समजत आले होते. अप्पाही तसंच समजत असतील. ते थांबले, अजून थोडं थांबले. काहीच आलं नाही. तोंडात फक्त कॉफी होती.

“हेगिदे?” शरतने विचारलं. कशी आहे?

“थांब जरा,” मानाजीराव म्हणाले. “मी पहिल्यांदाच पितोय.”